रेग्युलेटर घट्ट बसलाय, निघत नाही: जोर लावण्याआधी काय तपासायचं

पहिल्यांदाच स्वतःचं घर मांडलेल्यांना गॅस संपल्यावर हमखास एक अडचण येते. नवा सिलिंडर दारात असतो, जुना रिकामा झालेला असतो आणि रेग्युलेटर मात्र जुन्यावरून हलत नाही. मग कुणी पक्कड शोधतं, कुणी खोबरेल तेल सोडतं, कुणी नळी धरून हिसके देतं. माझ्यावरही ही वेळ आली आहे. पुढे एका अनुभवी मेकॅनिककडून नीट शिकून घेतलं आणि तेव्हापासून ओळखीच्या अनेकांना ते दाखवलं. तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

हे सगळं घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरबद्दल आहे, ज्यावर खटक्याने बसणारा रेग्युलेटर लागतो. हॉटेलात दिसणाऱ्या १९ किलोच्या सिलिंडरची जोडणी वेगळी असू शकते, तिथे ही पद्धत वापरू नका.

## आधी हे समजून घ्या: तो कशाने धरलेला असतो

सिलिंडरच्या तोंडाशी पितळी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या मधोमध स्प्रिंगवर उभी असलेली एक पिन असते. पिन वर असली की व्हॉल्व्ह बंद, खाली दाबली की उघडा. व्हॉल्व्हच्या आत रबराची एक काळी गोल चकती असते, तिला सगळे वायसर म्हणतात. रेग्युलेटरची खालची नळकांडी या वायसरमधून आत शिरते आणि वायसर तिला चहूबाजूंनी आवळतो, म्हणून गॅस बाजूने बाहेर येत नाही.

रेग्युलेटरवरचा खटका ऑनवर फिरवला की त्यातला दांडा खाली येऊन व्हॉल्व्हची पिन दाबतो आणि गॅस सुरू होतो. ऑफवर नेला की दांडा वर जातो आणि व्हॉल्व्हची पिन स्प्रिंगच्या जोराने आपोआप वर येऊन तोंड बंद करते. रेग्युलेटर जागेवर धरून ठेवण्याचं काम मात्र वेगळी गोष्ट करते. त्याच्या खालच्या बाजूला काळ्या प्लॅस्टिकचं एक कडं असतं आणि त्याच्या आत बारीक पोलादी गोळ्या असतात. कडं खाली असलं की गोळ्या व्हॉल्व्हच्या खाचेत अडकतात, वर उचललं की सुटतात. खटका ऑनवर असताना हे कडं वर येऊ नये, अशीच रचना केलेली असते.

म्हणजे ‘निघत नाही’ याची कारणं बहुतेक वेळा तीन असतात. खटका पूर्ण ऑफवर गेलेला नसतो, कडं पूर्ण वर आलेलं नसतं, किंवा वायसर नळकांडीला चिकटलेला असतो. तिन्ही ठिकाणी ताकदीपेक्षा बघण्याची गरज जास्त असते.

## हाताशी काय ठेवायचं

- सिलिंडरची प्लॅस्टिकची टोपी, तिच्या दोरीसह
- वाटीभर पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब
- ओलसर सुती फडकं आणि एक कोरडं फडकं
- दिवसाचा उजेड

टोपी सर्वांत महत्त्वाची आहे. बहुतेक घरांत ती सिलिंडर आल्याच्या दिवशीच कुठेतरी हरवते. व्हॉल्व्ह गळायला लागला तर तुमच्याकडे तेवढं एकच झाकण असतं, म्हणून टोपी हातात आल्याशिवाय रेग्युलेटर काढायला बसू नका. ती दोरीने सिलिंडरला बांधलेलीच राहू द्या. मोबाइलचा टॉर्च, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि तेल, यांपैकी काही लागत नाही. संध्याकाळ झाली असेल आणि अंधार असेल, तर काम सकाळवर ढकलणं चांगलं.

## पायरी १: वास घ्या आणि खालची हवा मोकळी करा

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा सुमारे दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि ओट्याखालच्या कपाटात, कोपऱ्यात, मोरीच्या जाळीत साठतो. त्यामुळे ओट्याच्या वरची खिडकी उघडून ‘हवा खेळती केली’ असं समजू नका. बाल्कनीचं किंवा मागचं दार उघडा, म्हणजे जमिनीलगत हवा वाहायला वाट मिळेल. समोरासमोरची दोन दारं उघडता आली तर उत्तम.

मग खाली वाकून सिलिंडरजवळ वास घ्या. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की तो पेट घेऊ शकतो, आणि वास त्याच्या बराच आधी यायला लागतो. मात्र सर्दी झालेली असेल किंवा बराच वेळ त्याच खोलीत असाल, तर नाकावर भरवसा ठेवू नका, बाहेरून येणाऱ्या कुणाला तरी विचारा.

वास येत असेल तर पुढची एकही पायरी करू नका. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर ऑफ, दारं उघडी. दिवे, एक्झॉस्ट फॅन, मिक्सर यांचं कुठलंही बटण दाबू नका. चालू आहे ते चालू राहू द्या आणि बंद आहे ते बंद. बटण दाबताना होणारी बारीक ठिणगीसुद्धा पुरेशी असते. घराबाहेर या आणि तिथून १९०६ लावा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वास नसेल तर देवघरातला दिवा, उदबत्ती, धूप, शेजारच्या खोलीतली विजेची शेगडी, सगळं बंद करा. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर हे हमखास विसरायला होतं. समईसुद्धा फरशीजवळच तेवत असते, जिथे गॅस येतो.

## पायरी २: ज्योत पेटती असताना रेग्युलेटर बंद करा

ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि बहुतेक लोक हीच गाळतात.

वास नाही याची खात्री झाल्यावर एक शेगडी पेटवा. ज्योत चालू असतानाच रेग्युलेटरचा खटका ऑफवर न्या. नळीत थोडा गॅस उरलेला असतो, तो जळेपर्यंत काही सेकंद ज्योत राहील, मग लहान होत विझेल. विझली की शेगडीचं बटण लगेच बंद करा.

यातून दोन गोष्टी साधतात. नळी रिकामी होते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्हॉल्व्हची पिन खरंच वर येऊन बंद झाली आहे हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं.

ज्योत विझलीच नाही तर पिन खाली अडकलेली असू शकते किंवा खटका आतून तुटलेला असू शकतो. अशा वेळी रेग्युलेटर ओढून काढला तर सिलिंडरच्या पूर्ण दाबाने गॅस खोलीत येईल. शेगडीला गॅस ज्या दाबाने मिळतो, त्यापेक्षा आतला दाब कितीतरी पट जास्त असतो. तेव्हा शेगडीचं बटण बंद करा, रेग्युलेटर आहे तिथेच राहू द्या आणि १९०६ वर किंवा वितरकाला कळवा. रेग्युलेटर जागेवर आणि शेगडी बंद असेल तोवर गॅस अडवलेला असतो. ओढण्याचा मोह धरू नका.

खटका हातानेच फिरत नसेल तरी हाच नियम. पकडीने खटका फिरवला तर तो प्लॅस्टिकचा असल्याने वरचा भाग तुटून हातात येतो आणि दांडा मात्र आत खालीच राहतो.

सिलिंडर पूर्ण संपला असेल तर शेगडी पेटणारच नाही, म्हणून ही चाचणी होणार नाही. पण ‘रिकामा’ सिलिंडरही पूर्ण रिकामा नसतो, आत थोडा वायू उरतोच. पुढच्या सगळ्या पायऱ्या भरलेल्या सिलिंडरसारख्याच करा.

## पायरी ३: खटका खरंच ऑफवर आहे का, ते बघा

काही वर्षं वापरलेल्या रेग्युलेटरवरची अक्षरं पुसट होतात, आणि खटका ऑफच्या थोडा अलीकडे थांबला तरी दिसायला सरळच दिसतो. बोटांनी हलकेच फिरवत शेवटपर्यंत न्या, तिथे तो टेकल्याचं स्पष्ट जाणवतं. मधेच रुतल्यासारखा थांबत असेल तर खाचेत तेलकट काजळी आणि पीठ बसलेलं असतं. ओलसर फडक्याने पुसा, शेगडी बंद आहे हे पाहून खटका एकदा ऑनवर नेऊन परत ऑफवर आणा. असं केलंत आणि सिलिंडरमध्ये गॅस असेल, तर नळी पुन्हा भरलेली असते. पायरी २ पुन्हा करा.

## पायरी ४: कडं वर, मग थोडं खाली दाबा, मग सरळ वर

सिलिंडर ओट्याखालून बाहेर, मोकळ्या जागेत उभा ठेवा. आडवा किंवा कलता कधीच नको, कारण आडव्या सिलिंडरमध्ये द्रव गॅस व्हॉल्व्हपर्यंत येतो. तोंड व्हॉल्व्हच्या बरोबर वर आणू नका, थोडं बाजूला बसा.

डाव्या हाताने रेग्युलेटरचा धातूचा भाग धरा. नळी धरू नका. उजव्या हाताची दोन-तीन बोटं काळ्या कड्याखाली दोन बाजूंनी घाला आणि कडं सगळीकडून सारखं वर उचला. एकाच बाजूने उचललं तर ते तिरकं होतं, अर्ध्यावर अडकतं आणि आपल्याला वाटतं की पूर्ण वर आलंय. कड्याखालच्या फटीत वाळलेलं पीठ आणि फोडणीचं तेल असेल तर आधी पुसून घ्या.

आता कडं वर धरूनच रेग्युलेटर किंचित खाली दाबा. निघत नाही म्हणून आपण वर ओढत असतो, त्याने आतल्या गोळ्या खाचेच्या कडेवर आणखीच घट्ट बसतात. खाली दाबलं की त्यांच्यावरचा ताण जातो आणि त्या मागे सरकतात. त्याच क्षणी रेग्युलेटर डावी-उजवीकडे अगदी थोडा फिरवत सरळ वर उचला. बाटलीचं बूच काढताना आपण करतो तशी ही हालचाल आहे. तिरकं ओढू नका, त्याने नळकांडी वायसरला कापते.

एवढा जोर मनगटाने सहज लागतो. दोन्ही पायांत सिलिंडर धरून ओढावं लागत असेल तर काहीतरी वेगळंच अडलं आहे. दोन-तीनदा नीट करूनही निघाला नाही तर थांबा. ज्योत विझण्याची चाचणी झाली असेल आणि वास नसेल, तर ऑफ केलेला रेग्युलेटर रात्रभर तसाच राहिला तरी चालतो. एक रात्र बाहेरून जेवण मागवा, सकाळी वितरकाचा मेकॅनिक बोलवा.

हे करू नका: तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं आणि पुढच्या वेळी आणखी चिकटतं. सिलिंडरवर किंवा व्हॉल्व्हवर गरम पाणी ओतू नका, आतला दाब वाढतो. पकडीने कडं धरू नका, ते तडकतं. आणि रेग्युलेटर निघाल्यावर ‘आत गॅस आहे का बघू’ म्हणून पिन काडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कधीही दाबू नका.

## पायरी ५: निघाल्याबरोबर ऐका

सुटताना क्षणभर ‘फुस्स’ होतं. नळकांडी आणि वायसर यांच्यात अडकलेला तेवढाच गॅस असतो, ते नेहमीचं आहे. त्यानंतर पूर्ण शांतता हवी.

आवाज चालूच राहिला तर पिन नीट बसलेली नाही. लगेच टोपी व्हॉल्व्हवर ठेवून घट्ट दाबा. टोपीने आवाज थांबला आणि उचलणं शक्य असेल तर सिलिंडर उभाच धरून बाल्कनीत किंवा अंगणात न्या, गटाराच्या जाळीपासून आणि जिन्याच्या तळापासून लांब. फरशीवर घसटत नेऊ नका. टोपीनेही थांबत नसेल तर सिलिंडरशी झुंजत बसू नका. घरातल्यांना घेऊन बाहेर पडा, शेजाऱ्यांना सांगा, बाहेरून १९०६ आणि अग्निशमन दलाला १०१ लावा.

शांतता असली तरी एकदा खात्री करा. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून व्हॉल्व्हच्या तोंडावर पातळ पापुद्रा पसरवा. पापुद्रा सपाट राहिला तर ठीक. फुग्यासारखा फुगत गेला तर आवाज न करणारी बारीक गळती आहे. मग टोपी लावा, सिलिंडर मोकळ्या जागेत ठेवा आणि वितरकाला कळवा. ठीक असेल तर तोंड कोरडं पुसून टोपी लावून टाका. रिकाम्या सिलिंडरलासुद्धा.

## एक घडलेली गोष्ट: निघाला, पण नव्यावर बसेना

आमच्या सोसायटीत नुकत्याच राहायला आलेल्या एका मुलाने मला बोलावलं. त्याने बरीच खटपट करून रेग्युलेटर काढला होता, पण नव्या सिलिंडरवर तो बसत नव्हता. कडं सोडलं तरी ‘खट्’ आवाज येत नव्हता. त्याला वाटलं, नवा सिलिंडर खराब आला.

रेग्युलेटर उलटा करून पाहिला तर नळकांडीवर एक काळी गोल चकती अडकलेली होती. जुन्या सिलिंडरचा वायसर कडक होऊन नळकांडीला चिकटला होता आणि ओढताना तोच बाहेर आला होता. रेग्युलेटर इतका घट्ट का वाटत होता, तेही त्यामुळे कळलं. नव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये स्वतःचा वायसर होताच, त्यामुळे दोन वायसर एकावर एक येत होते आणि नळकांडी पूर्ण खाली जात नव्हती. हाताने जुना वायसर सोडवला, नळकांडी कोरड्या फडक्याने पुसली आणि रेग्युलेटर पहिल्याच दाबात बसला.

तो जोर लावून तसाच बसवत राहिला असता, तर नवा वायसर कापला जाण्याची भीती होती. म्हणून काढल्यावर दरवेळी दोन ठिकाणी बघा. रेग्युलेटरच्या नळकांडीवर काही चिकटलंय का, आणि नव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये वायसर आहे का. नव्यात वायसर नसेल किंवा त्याला चीर असेल तर तो सिलिंडर वापरू नका. जुन्याचा वायसर काढून नव्यात घालण्याचा उद्योगही नको. वितरकाचा माणूस सिलिंडर देतानाच हे तपासून देतो, आपण फक्त त्याला थांबवून तसं सांगायचं असतं.

## पायरी ६: नव्यावर बसवून गळती तपासा

खटका ऑफवर, कडं वर, रेग्युलेटर सरळ ठेवून किंचित फिरवत दाबा, कडं सोडा, ‘खट्’ ऐका. मग कडं न उचलता रेग्युलेटर हलकेच वर ओढून बघा, यायला नको.

शेगडीची बटणं बंद ठेवून खटका ऑन करा. आता साबणाचं पाणी तीन ठिकाणी लावा: रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह जिथे भेटतात तिथे, नळीच्या रेग्युलेटरकडच्या टोकाला, आणि शेगडीकडच्या टोकाला. प्रत्येक ठिकाणी निदान अर्धा मिनिट बघा, बारीक गळतीचे बुडबुडे हळू येतात. काडी पेटवून गळती शोधणारे अजूनही भेटतात. तसं कधीच करू नका.

बुडबुडे व्हॉल्व्हच्या सांध्यावर आले तर ऑफ करून काढा आणि एकदाच पुन्हा बसवून बघा. तरीही आले तर टोपी लावून सिलिंडर परत द्या. नळीच्या टोकाला आले तर बहुधा नळी कडक झालेली असते. नारिंगी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते.

डोळ्यांना न दिसणारी गळती पकडायची असेल तर ऑन करून लगेच ऑफ करा, शेगडीची बटणं बंदच ठेवा. दहा मिनिटांनी, वास नसेल तर, शेगडी पेटवा. नळीत अडकवलेला गॅस टिकला असेल तर ज्योत क्षणभर तरी येते. आलीच नाही तर तो कुठून तरी निसटला आहे. बुडबुडे कुठेच दिसले नसतील तर शेगडीच्या बटणांवर संशय घ्या आणि मेकॅनिकला दाखवा.

## पायरी ७: दोष रेग्युलेटरचा की सिलिंडरचा?

रेग्युलेटर तोच राहतो, सिलिंडर मात्र दर खेपेला बदलतो. त्यामुळे पुढच्या सिलिंडरवर तो सहज निघाला, तर दोष आधीच्या व्हॉल्व्हचा किंवा वायसरचा होता आणि तो सिलिंडर आता गेलेलाच आहे. लागोपाठ दोन सिलिंडरवर घट्ट वाटला, कडं अर्ध्यावर अडकलं, किंवा खटका टेकल्यासारखा वाटेना, तर रेग्युलेटर बदलायला हवा. घरी खोलून दुरुस्त करायची ही वस्तू नव्हे.

बाजारातून नवा विकत आणू नका, तुमच्या वितरकाकडे जा. सोबत न्यायचं ते असं:

- खराब रेग्युलेटर
- कनेक्शन घेताना मिळालेलं सबस्क्रिप्शन व्हाउचर
- गॅसचं पुस्तक किंवा ग्राहक क्रमांक
- ओळखपत्र

कनेक्शन वडिलांच्या किंवा घरमालकाच्या नावावर असेल तर आधी वितरकाला फोन करून कुणी यायचं ते विचारून घ्या, नाहीतर खेप वाया जाते. रेग्युलेटर नेण्याआधी सिलिंडरला टोपी लावलेली आहे ना, ते बघा. बदलून आणलेला रेग्युलेटर बसवल्यावर पायरी ६ पुन्हा पहिल्यापासून करा, साबणाच्या पाण्यासकट.